सत्तर रुपयांचा आत्मपरिचय

कालच्या सत्तर रुपयांचे मला अजूनही वाईट वाटते. दादर स्थानकाबाहेरच्या झेरॉक्सवाल्याला मुलाखतीसाठी एका पानाचा बायोडाटा पाठवायचा होता आणि घाईत `CV_stores.docx` ऐवजी `CV_all.docx` गेला. त्याने विचारलेही नाही. चौदा पाने छापली आणि वर ती वाचायला घेतली.

ही मोठी फाईल म्हणजे माझी वखार आहे. प्रत्येक कामाची नोंद तिथे साल, आकडा आणि साक्षीदार यांच्यासह होते, आणि जाहिरात आली की त्यातली पाच-सहा कामे निवडून एक पान बेतायचे. भिवंडीच्या गोदामात 2016 साली आम्ही बारकोड लावले, तेव्हा मालमोजणी तीन दिवसांवरून एका दिवसावर आली आणि सहा हमालांना स्कॅनर मी शिकवला. भांडारप्रमुखाच्या अर्जात मोजणीचे दिवस पुढे येतात, प्रशिक्षकाच्या अर्जात ते सहा जण. काम एकच, कापड तेच, शिलाई निराळी.

"साहेब, 1994 चं वक्तृत्व, उत्तेजनार्थ?" झेरॉक्सवाला म्हणाला.

मागे आधारकार्डाच्या प्रतीसाठी थांबलेल्या बाई पुढे झुकल्या. "असू दे हो, बिचाऱ्याला आधार असतो."

"पण मावशी, यांना नेमकं येतं काय, तेच कळत नाही. कुठल्या जागेसाठी आहे?"

मी नाइलाजाने "भांडारप्रमुख" म्हणालो. त्याने कानामागचे पेन काढले आणि रांग वाढत असताना चौदा पानांवर सरसर काट मारली. वक्तृत्व गेले, रक्तदान गेले, सोसायटीचे सचिवपद गेले. उरलेल्या पाच कामांपैकी चार मी दोन रात्री जागून निवडलेलीच होती. पाचवे, नाशवंत मालाची जुनी खेप आधी बाहेर काढण्याची पद्धत, माझ्या पानावर नव्हतेच, आणि जाहिरातीत मात्र तेच पहिल्या ओळीत मागितले होते.

घरी जाऊन ते पानात घातले. मग लक्षात आले की त्याच पानावर मालाची तूट दोन टक्के आहे आणि वखारीत दीड. मार्चमध्ये आकडा तपासून मोठ्या फाईलमध्ये सुधारला होता, पण हे पान त्याआधीच्या पानावरून काढलेले. नवे पान नेहमी मोठ्या फाईलमधूनच काढावे, हा नियम माझाच, आणि मोडणाराही मीच. मुलाखतीत एखाद्याने दोन्ही आकडे समोर ठेवले असते, तर वक्तृत्व कामी आले नसते.

एवढे करून आज सकाळी अर्ज भरायला बसलो. पान जोडले, आणि खाली चौकटी उघडल्या: मागील सर्व नोकऱ्यांचा तपशील पुन्हा टंकित करावा, प्रत्येकी कमाल पाचशे अक्षरे. माझ्या पानाला आता कोण विचारतो? झेरॉक्सवाल्याने निदान चौदा पाने वाचली तरी होती.