निवृत्तीच्या पैशांचं काय करावं: काकांसाठी काही सूचना

ग्रॅच्युइटी आणि प्रॉव्हिडंट फंडाचे पैसे खात्यात आले की ते आठवडाभरात कुठेतरी टाकावेत. फार दिवस पडून राहिले तर माणूस विचार करायला लागतो, आणि विचार करणाऱ्या माणसाला पंधरा टक्के व्याज कोणी देत नाही. परळला स्टेशनजवळ नुकतंच एक ऑफिस उघडलंय. काचेचा दरवाजा, आत एसी, बाहेर बोर्ड: अमुकतमुक निधी लिमिटेड. तिथला तरुण तुमच्या बिल्डिंगमधल्याच कुणाचा तरी भाचा असतो. तो तुम्हाला "काका" म्हणेल. एवढी कागदपत्रं पुरेशी आहेत.

निधी कंपनी म्हणजे काय, हे त्याला विचारू नका. खरं तर गोष्ट साधी आहे. ही मूळची मद्रासकडची पद्धत, एकोणिसाव्या शतकातली. एकमेकांना ओळखणारी माणसं पैसे एकत्र ठेवायची आणि गरजेला त्यातूनच कर्ज घ्यायची. कायद्यानं तोच साचा कायम ठेवलाय. कंपनी सभासदांकडूनच ठेव घेणार आणि सभासदांनाच कर्ज देणार. बाहेरच्या माणसाशी व्यवहार नाही, दुसऱ्या कंपनीशी तर नाहीच. ट्रस्ट किंवा कंपनी सभासदसुद्धा होऊ शकत नाही. अल्पवयीन नातवाला सभासद करून घेत नाहीत. त्याच्या नावावर ठेव ठेवायची तर पालक सभासद हवा.

म्हणजे ठेव ठेवण्याआधी तुम्ही भागधारक व्हायला हवं. मुदत ठेवीसाठी किमान दहा शेअर किंवा शंभर रुपयांचे शेअर. बचत खातं किंवा आवर्त ठेव असेल तर दहा रुपयांचा एक शेअर पुरतो. आदर्श ठेवीदारानं इथे शेअर सर्टिफिकेट मागू नये. भाच्यानं "मेंबरशिप फी शंभर रुपये" म्हणून पावती फाडली की समाधान मानावं. फी आणि शेअर यांत फरक असतो हे तुमच्या लक्षात आलं, तर तो चहा मागवेल.

आता व्याज. निधीला ठेवीवर किती व्याज देता येतं याला कमाल मर्यादा आहे: ठेवी घेणाऱ्या वित्तीय कंपन्यांना रिझर्व्ह बँकेनं घालून दिलेली, साडेबारा टक्क्यांची. तुम्हाला पंधरा सांगितले जातायत, याचा अर्थ कंपनी उदार आहे असाच लावायचा. "कधीही काढा काका, लगेच मिळतील," हेही त्याच उदारपणातलं. नियम सांगतो की पहिले तीन महिने मुदत ठेव मोडता येत नाही, आणि सहा महिन्यांच्या आत मोडली तर व्याज मिळत नाही. पण एसीत बसून नियम कोण आठवतो?

भाच्याला प्रत्येक ठेवीमागे दीड टक्का मिळतो, हे त्यानं स्वतःच सांगितलं तर त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करा. ठेवी गोळा करण्यासाठी दलाली किंवा बक्षीस देणं निधीला मना आहे. ठेवींसाठी जाहिरात करणंही मना आहे. योजनेचा कागद सभासदांपुरता फिरवता येतो, आणि त्यावर तसं छापावं लागतं. पुलाच्या जिन्यावर जो येईल त्याच्या हातात कोंबलेलं पत्रक "फक्त सभासदांमध्ये खासगी वितरणासाठी" असतं, कारण लोकलनं जाणारे सगळेच एकमेकांचे सभासद. पत्रकावर "आरबीआय मान्य" असंही असेल. निधीची देखरेख कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे असते, आणि बँकेतल्या ठेवीला जो पाच लाखांपर्यंतचा विमा असतो, तो इथे नाही. अशा बारीकसारीक गोष्टींनी पत्रकाची शोभा जाते.

हिशेब मात्र करायचाच असेल तर एकदाच करा, तोही गुपचूप. समजा कंपनीचा निव्वळ स्वतःचा निधी वीस लाख आहे. म्हणजे भागभांडवल आणि मोकळी गंगाजळी, त्यातून साठलेला तोटा वजा. वीस लाख ही नियमातली किमान रक्कम. त्याच्या वीस पटीपर्यंत ठेवी घेता येतात, म्हणजे चार कोटी. त्यातले दहा टक्के, चाळीस लाख, बँकेत किंवा पोस्टात कुठेही तारण न ठेवता मुदत ठेवीत ठेवायचे. आता काचेचा दरवाजा, भाडं, पगार आणि भाच्याचा दीड टक्का मिळून दोन वर्षांत आठ लाख तोटा झाला. स्वतःचा निधी उरला बारा लाख, मर्यादा आली दोन कोटी चाळीस लाखांवर. ठेवी तर चार कोटीच आहेत. वरचे एक कोटी साठ लाख नियमाबाहेरचे झाले आणि दरवाजा तसाच चकचकीत आहे. हे कळायला ताळेबंदाची दोन पानं लागतात. ती मागणं उद्धटपणाचं दिसतं. तुम्ही भागधारक आहात ही गोष्ट वेगळी.

पैसे लावतात कुठे, हेही विचारू नये. निधीला सोन्या-चांदीवर किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंत, घर-जमिनीवर निम्म्यापर्यंत, आणि ठेवपावती, बचतपत्र किंवा विमा पॉलिसीवर कर्ज देता येतं. बिनतारणी नाही. चार कोटींच्या ठेवी असलेल्या निधीला एका सभासदाला जास्तीत जास्त साडेसात लाख देता येतात, आणि सलग तीन वर्षं नफा नसेल तर त्याच्या निम्मे. चिट फंड, विमा, दुसऱ्या कंपनीचे शेअर घेणं, सगळं बंद. तेव्हा "आपला पैसा मुलुंडच्या टॉवरमध्ये लावलाय काका" हे वाक्य ऐकलं की मान डोलवा आणि चेक लिहा.

शाखांची संख्या पाहून छाती फुगू द्या. सलग तीन वर्षं नफा झाल्यावरच शाखा काढता येते, तीही परवानगीशिवाय आपल्या जिल्ह्यात तीनच. आणि मुंबईत जिल्हे दोन आहेत! परळची कंपनी सायन ओलांडून कुर्ल्याला गेली की जिल्हा बदलला. तिथे आणि डोंबिवलीला प्रादेशिक संचालकांची आधी परवानगी लागते. राज्याबाहेर तर जाताच येत नाही. तरीही गेल्याच वर्षी सुरू झालेल्या कंपनीची सुरतला शाखा असेल, तर ती धडाडी समजावी.

नावात "निधी लिमिटेड" आहे, मग सरकारनं मान्यता दिलीच असेल, असं समजणं फार सोयीचं. १९ एप्रिल २०२२ नंतर स्थापन झालेल्या कंपनीला आधी किमान २०० सभासद आणि वीस लाखांचा स्वतःचा निधी जमवून, १२० दिवसांच्या आत एनडीएच-४ या फॉर्मवर अर्ज करावा लागतो. केंद्र सरकारनं निधी म्हणून जाहीर केल्याशिवाय व्यवसाय सुरू करता येत नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये मंत्रालयानं सांगितलं होतं की तपासलेल्या ३४८ अर्जांपैकी एकही कंपनी पात्र ठरली नाही. नावं मात्र सगळ्यांचीच छान होती.

एवढं करूनही एखाद्या सोमवारी शटर खाली दिसलं, तर फोन लागेपर्यंत भाच्याच्या मामांना जिन्यात अडवा. नंतर मरीन ड्राइव्हवर कंपनी निबंधकांकडे जा, किंवा पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे. तिथे कुणी शेअर सर्टिफिकेट मागेल. तुम्ही शंभर रुपयांची पावती पुढे करा, आणि ठेव घेतानाच कंपनीनं नियम मोडला होता हे त्यांना समजावून सांगा. आता तुमच्याकडे वेळ आहे.