धंद्यातल्या माणसाच्या घरचं कुणी वारलं की काय लिहायचं?

आमचा पुठ्ठ्याच्या खोक्यांचा छोटा कारखाना आहे, कुपवाड एमआयडीसीत. गिऱ्हाईक म्हणजे बहुतेक बेदाणेवाले आणि हळदवाले. यांच्याशी नातं मोठं विचित्र असतं. रोज फोन, दरावरून घासाघीस, उधारीवरून कुरबुर, पण एकमेकांच्या घरी फारसं जाणं-येणं नाही. अशा माणसाच्या घरचं कुणी वारलं की पंचाईत होते. जवळचा असता तर पळत गेलो असतो, अनोळखी असता तर गप्प बसलो असतो. मग हात आपोआप फॉरवर्डकडे जातो. पणतीचं चित्र, पांढरी फुलं, खाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आणि त्याच्याही खाली कंपनीचा लोगो नि मोबाईल नंबर! लोगो टाकून दुःख कळवणाऱ्यांचं मला खरंच नवल वाटतं. ती जाहिरात झाली, दुसरं काय.

गेल्या हंगामात आमच्या एका बेदाण्याच्या व्यापाऱ्याची आई गेली. आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणतो. खोक्यांची गाडी दुसऱ्या दिवशी जायची होती आणि मागचं बिलही यायचं होतं. माझ्या पुतण्यानं ऑफिसातून मेसेज तयार करून मला दाखवला: ‘आपल्या मातोश्रींच्या दुःखद निधनाची वार्ता ऐकून अतीव दुःख झाले. परमेश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो व आपणास या दुःखातून सावरण्याचे बळ देवो. काही मदत लागल्यास निःसंकोच कळवावे. उद्याची गाडी पाठवायची का, तेवढे कळवावे.’

पोरगं मनानं चांगलं आहे, पण या मेसेजमध्ये दोनदा ‘कळवावे’ आहे. ज्याच्या घरात अजून माणसं जमतायत, त्याच्यावर आपण दोन कामं टाकली. ‘काही लागलं तर सांगा’ ऐकायला गोड वाटतं, पण बेदाण्याचा व्यापारी खोकेवाल्याला काय सांगणार? आणि वरची वाक्यं कुणाच्याही आईला चालतील अशी. त्यात अण्णांची आई कुठंच नाही.

आम्ही शेवटी पाठवलं ते असं:

‘अण्णा, आई गेल्याचं आत्ता समजलं. फार वाईट वाटलं. पेढीवर आलं की आधी पाणी प्या म्हणायच्या, ते आठवतंय. गाडीचं मी दिवाणजींशी बोललोय, तुम्ही त्यात लक्ष घालू नका. याला उत्तर द्यायला नको.’

यातलं पाण्याचं वाक्य महत्त्वाचं. गेलेल्या माणसाची एखादी खरी, छोटी गोष्ट आपल्याला माहीत असेल तर ती एका ओळीत लिहावी. दोन ओळी झाल्या की आपणच आठवणी सांगत बसतो. आणि माहीत नसेल तर रचू नये. ‘फार प्रेमळ व्यक्तिमत्त्व’ असं न भेटलेल्या माणसाबद्दल लिहिलं की वाचणाऱ्याला लगेच समजतं. पुण्याच्या एका कंपनीतल्या खरेदी विभागाच्या मॅडमना मी फक्त ईमेलवर ओळखतो. त्यांचे वडील गेले तेव्हा एवढंच लिहिलं: ‘मॅडम, तुमचे वडील गेल्याचं आज तुमच्या ऑफिसमधून कळलं. मनापासून वाईट वाटलं. ऑर्डरचं मी तुमच्या सहकाऱ्यांशी बोलून घेतो.’ ओळख तेवढीच, म्हणून मेसेजही तेवढाच.

कामाचा विषय मेसेजमध्ये घ्यावा का, यावर आमच्यात वाद झाला. पुतण्या आता उलट म्हणायला लागला, अजिबात नको. मला तसं वाटत नाही. अण्णांच्या डोक्यात त्या गाडीचा विचार कुठंतरी असणारच. ते ओझं उचलणारं एक वाक्य चालतं, पण आधी दिवाणजींशी खरोखर बोलून झालेलं हवं. ओझं टाकणारं वाक्य मात्र कितीही नम्र असलं तरी नको. आणि विचारायला दुसरं कुणीच नसेल, माणूस एकटाच धंदा सांभाळत असेल, तर गाडी थांबवावी आणि ‘माल माझ्याकडे राहील, सवडीनं बघू’ म्हणावं. चार दिवस माल पडून राहिला तर जागा अडेल, बाकी काही नाही.

पाठवण्याआधी कोण गेलं ते दोन ठिकाणी विचारून घ्यावं. ग्रुपवर बातमी फिरते तेव्हा ‘अण्णांचे वडील’ निघतात प्रत्यक्षात सासरे. वय, आजार, हॉस्पिटल यांची चौकशी लिहून तर करूच नये. ‘वय झालंच होतं’, ‘सुटल्या बिचाऱ्या’ हे घरच्यांनी म्हणायचं असतं, आपण नाही.

आणखी एक. आमच्या गिऱ्हाइकांत लिंगायत आहेत, जैन आहेत, मुसलमान आहेत, बौद्ध आहेत. ‘मृतात्म्यास शांती लाभो’ आपण सगळ्यांना सरसकट पाठवतो. बौद्ध विचारात नित्य आत्माच मानलेला नाही, मग त्या घरी ते वाक्य कसं वाटत असेल? ‘कैलासवासी’चंही तेच. त्यांच्याकडचा शब्द आपल्याला नीट माहीत असेल तर वापरावा, नाहीतर ‘आई गेल्याचं समजलं, वाईट वाटलं’ हे कुठल्याही घरात चालतं.

मेसेज कळल्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी जावा. उशिरा कळलं तर ‘आज कळलं’ म्हणून लिहावं, सबबी सांगू नयेत. आमच्याकडे बरेच जण तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला जाऊन येतात. ज्यांच्याशी वर्षानुवर्षांचा व्यवहार आहे त्यांच्याकडे जावंच, मेसेजवर भागवू नये. तिथं थोडा वेळ बसायचं, आणि निघताना ‘येतो’ म्हणायचं नाही, हे नव्या पोरांना सांगून ठेवावं लागतं.

पण मेसेज कितीही चांगला लिहिला तरी त्याच्यावर पाणी पडतं ते ऑफिसातूनच. आमच्या हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधून बिलाची मुदत टळली की आठवणीचा मेसेज आपोआप जातो. सकाळी ‘फार वाईट वाटलं’ आणि दुपारी ‘आपले देयक थकीत आहे, त्वरित भरणा करावा’, दोन्ही एकाच कारखान्याकडून! म्हणून अण्णांचं कळल्याबरोबर सांत्वनाचा मेसेज लिहायच्या आधी मी अकाउंट्सच्या मुलीला त्यांचं खातं त्या यादीतून बाजूला करायला सांगितलं. तेरावा झाल्यावरही वसुलीचा पहिला फोन तिनं करायचा नाही, मी करायचा, आणि आधी घरच्यांची विचारपूस. पैसे मागायला लाज नाही, धंदा आहे, अण्णांनाही ते कळतं. फक्त तेरा दिवस थांबल्यानं कुणाचा कारखाना बंद पडत नाही.

दिवाळीच्या शुभेच्छांचंही तसंच. ज्यांच्याकडे त्या वर्षी माणूस गेलंय, त्यांच्या घरी पहिली दिवाळी नसते. जवळचे लोक फराळ नेऊन देतात, आपण रंगीत आकाशकंदील पाठवतो. आमच्या ब्रॉडकास्ट लिस्टमधून असे नंबर वसुबारसेच्या आधी काढून ठेवायचं काम आता पुतण्याकडे दिलंय. पाडव्याला अण्णांना मी नुसता फोन करणार आहे.