राउटर? काळा आहे!

काल दुपारी सोसायटीच्या ग्रुपवर दोनशे तीनमधल्या काकांचा मेसेज पडला. इंटरनेटवाल्यांच्या लाइनमनचे आभार, तीन वेळा जोडलेले हात, एक गुलाब, आणि खाली, 'अर्धवट माहितीच्या लोकांनी ढवळाढवळ केल्याने दोन दिवस नेट बंद होते. योग्य माणूस आला, पाच मिनिटांत काम झाले.' त्याला सोळा अंगठे पडले. अर्धवट माहितीचे लोक म्हणजे मी एकटाच. अनेकवचन आदरार्थी असावं.

याच काकांचा गेल्या आठवड्यात रात्री अकराला मेसेज आला होता, 'वायफाय स्लो आहे. काहीतरी कर.' बस्स. शिंप्याकडे कापड टाकून 'सदरा शिव' म्हणावं आणि माप न देताच घरी निघून जावं, तशातला प्रकार. मी फोन केला.

"काका, राउटर कुठला आहे?"

"काळा."

"कंपनी, मॉडेल काही?"

"नेटवाल्याने दिला तोच रे. दुसरा कुठून आणू?"

"त्याच्या बुडाशी एक स्टिकर असतं. त्याचा फोटो पाठवता का?"

फोटो आला. फोटोत क्रोशाचा रुमाल होता. रुमालाखाली काहीतरी चौकोनी असल्याचा भास होत होता आणि वर पितळी गणपती बसला होता.

मॉडेल मी उगाच विचारत नव्हतो. काही राउटर फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, काही २.४ आणि ५ अशा दोन्हींवर. काहींचं केबल लावायचं पोर्टच १०० एमबीपीएसचं असतं. त्याच्या मालकाने २०० चा प्लॅन घेतला, तरी लॅपटॉपला केबल लावून मोजल्यावर ९४-९५ च्या वर काटा सरकत नाही आणि तो दर महिन्याला फसवणूक झाली म्हणून ओरडतो. हे सगळं त्या स्टिकरवरच्या एका ओळीवरून कळतं. रुमालावरून नाही कळत.

"घरात वायफायवर काय काय चालतं?"

"दोन मोबाईल. माझा आणि हिचा."

"आणि काय करून बघितलंत?"

"सगळं!"

या 'सगळं'चा मला विशेष राग आहे. खोदून विचारल्यावर सगळं म्हणजे तीन गोष्टी निघाल्या. मोबाईल बंद करून चालू केला, राउटरच्या दोन्ही अँटेना उभ्या केल्या आणि नेटवाल्याला दोनदा झापलं. मोजलं मात्र काहीच नव्हतं. स्लो कुठे आहे, हॉलमध्ये की बेडरूममध्ये? दिवसभर की रात्रीच? एकाच फोनवर की सगळीकडे? यावर काका म्हणाले, "तू पोलीस आहेस का?"

वर त्यांची स्वतःची एक उपपत्ती होती. तिसऱ्या मजल्यावरचे लोक वायफाय ओढून घेतात. कसं? "मोटर लावून पाणी ओढतात तसं." हसायला आलं तरी यात कणभर तथ्य आहे, हे मला कबूल करावं लागतं. २.४ वर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११. आमच्या बिल्डिंगमध्ये वीसेक राउटर या तीन चॅनेलांवर दाटीवाटीने बसतात आणि शेजाऱ्याचा राउटर बोलत असेपर्यंत तुमच्याला गप्प राहावं लागतं. पण म्हणून कुणी ओढून नेत नाही. हे मी सांगितलं, तर काका म्हणाले, "म्हणजे ओढतातच ना!"

दुसऱ्या दिवशी गेलो. राउटर टीव्हीच्या मागे, काचेच्या कपाटात. पलीकडे भिंत, भिंतीला लागून लोखंडी कपाट, त्याच्या पलीकडे पलंग, आणि पलंगावर काका क्रिकेट बघणार. लोखंडातून वायफाय जात नाही. कडेकडेने जे काही झिरपेल तेच.

काकांच्याच फोनवर मोजलं. राउटरशेजारी ५ गिगाहर्ट्झवर ९१, २.४ वर ३८. प्लॅन १०० चा, म्हणजे लाइन ठणठणीत. पलंगावर ५ पोचतच नव्हतं आणि २.४ वर ६. तरी खात्रीसाठी पलंगावर बसून लॅपटॉपवर हे चालवलं:

```
ping -t 192.168.1.1
```

हा राउटरचा घरातला पत्ता. इथे बाहेरच्या इंटरनेटचा संबंधच नाही. उत्तर दोन-पाच मिलिसेकंदांत यायला हवं. येत होतं दोनशे-तीनशेत, मधूनच गायब. राउटरपर्यंत जातानाच धाप लागत असेल, तर नेटवाल्याला झापून काय होणार? उलट इथे उत्तरं झटपट आली असती आणि तरीही नेट रेंगाळलं असतं, तर झापायला मीही बसलो असतो.

मग राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांची यादी उघडली. दोन मोबाईल म्हणालेले ना? अकरा निघाली. टीव्ही, नातवाचा टॅब, जुना लॅपटॉप, नळवाल्याच्या मुलाचा फोन ("त्याला एकदा पासवर्ड दिला होता खरा"), दोन अशी की काकूंनाही ओळखता येईनात. आणि दाराबाहेर, दोन भिंतींपलीकडे लावलेला कॅमेरा. तो चोवीस तास चित्रं वर पाठवत होता.

खरी गोम तिथे होती. वायफायवर एका वेळी एकच बोलतो. सिग्नल कच्चा असला की उपकरण हळू बोलतं, आणि तेवढा वेळ बाकीचे ताटकळतात. रेशनच्या रांगेत पुढचा माणूस सुट्टी नाणी मोजत बसतो ना, तसा तो कॅमेरा. त्याला लागतात दोन एमबीपीएस, पण जागा अडवतो कितीतरी जास्त.

उपाय दोन सांगितले. राउटर कपाटाबाहेर काढून दाराजवळच्या फळीवर, उंचावर ठेवायचा. तिथून कॅमेराही जवळ आणि बेडरूमच्या दारातून पलंगही दिसतो. आणि पासवर्ड बदलायचा. रिपीटर मुद्दामच सांगितला नाही. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, म्हणजे वेग जवळपास निम्मा; आणि लोक तो नेमका सिग्नल मेलेल्या कोपऱ्यात लावतात, जिथे त्यालाच काही ऐकू येत नाही. पंधरा मिनिटं राउटर फळीवर धरून उभा राहिलो. पलंगावर ५ वर ४७ आले. काकूंनी चहा केला. "तिथे दिसायला बरं नाही हो दिसत," त्या म्हणाल्या. तिथेच मी ओळखायला हवं होतं.

निघताना एकच चूक केली. म्हणालो, "काका, जागा बदललीत की एकदा रीस्टार्ट करा."

रीस्टार्ट म्हणजे बटण बंद, अर्धा मिनिट थांबा, बटण चालू. काकांनी राउटर उलटा केला, मागे बारीक भोक दिसलं, शेजारी RESET लिहिलेलं. काकूंची सेफ्टी पिन घेतली आणि दिवे विझेपर्यंत दाबून धरली. रीसेटमध्ये राउटर कारखान्यातून निघाल्यासारखा कोरा होतो. वायफायचं नाव जातं, पासवर्ड जातो, आणि मुख्य म्हणजे नेटवाल्याने भरलेला लॉगिन आयडीही जातो. तो आयडी बसवताना दिलेल्या कागदावर असतो. कागद कुठे? "तूच बघ ना, तुझ्यामुळेच गेलं."

माझ्यामुळे! दोघांनी मिळून दोन तास विजेची बिलं, गॅसची पुस्तकं, लग्नपत्रिका उपसल्या. दोन दिवसांनी लाइनमन आला, त्याच्या मोबाईलमध्ये आयडी होताच, भरला, गेला. पाच मिनिटं लागणारच! टायपिंगला तेवढीच लागतात.

काकूंकडून कळलं की राउटर परत कपाटात गेलाय, रुमालासकट, गणपतीसकट. भिंत तीच, लोखंड तेच, बाहेरचा कॅमेराही तसाच नाणी मोजतोय. पलंगावर आजही सहाच येत असणार. आज सकाळी चारशे एकमधल्या काकूंनी ग्रुपवर लिहिलंय, 'आमचंही स्लो आहे.' सोळा अंगठेवाल्यांपैकी कुणीतरी बघावं.