सेमी पैठणीला सेमीच म्हणा

आज सकाळी माझ्यासारख्याच ऑनलाइन साड्या विकणाऱ्या एका बाईंचा मेसेज आला. ‘ताई, टायटलमध्ये ओरिजिनल येवला पैठणी प्युअर सिल्क टाका, सर्चमध्ये वर येते. सगळेच टाकतात.’ साडी साडेनऊशेची! डोकंच सणकलं.

मी सुरतेहून सेमी पैठणीचे सहा रंगांचे सेट उचलते. यंत्रमागाचा, पॉलिस्टरचा माल. तो विकण्यात काहीच कमीपणा नाही, घरच्या कार्याला बायका आनंदाने नेसतात. पण पदर उलटा करून बघा. हातमागाच्या पैठणीत मोर मागूनही जवळपास तसाच दिसतो. आमच्या मालात मागे सुट्या धाग्यांचं जाळं असतं. हे आम्हाला ठाऊक असतं, गिऱ्हाइकाला नसतं. मग त्याचा फायदा घ्यायचा?

दोन वर्षांपूर्वी मीही घेतला. व्यापाऱ्याने पाठवलेला कॅटलॉगचा फोटो जसाच्या तसा चढवला, टायटलमध्ये ‘प्युअर सिल्क’ लिहिलं. नागपूरच्या एका ताईंनी आईच्या पंच्याहत्तरीसाठी मागवली. फोटोत राणी रंग, हातात पडली वाइन रंगाची. साडी परत आली. रिव्ह्यूत त्यांनी लिहिलं होतं, ‘आईने घडी उघडली, पदर उलटा केला आणि काही न बोलता ठेवून दिली.’ जाण्यायेण्याचा कुरिअर खर्च माझ्या अंगावर पडला, पण ते पैसे मी विसरले. हे वाक्य नाही विसरले.

तेव्हापासून फोटो माझेच. खिडकीशी, सकाळच्या उजेडात, ट्यूबलाइट बंद करून. दोन्ही उजेड मिसळले की रंग फसवतो. शेजारी पांढरा कागद ठेवते. फोटोत तो पिवळट दिसला तर साडीचा रंगही खोटा आलाय, फोटो पुन्हा. काठ, पदर, ब्लाउज पीस आणि उलटी बाजू, चारही टाकते. टायटल: ‘सेमी पैठणी साडी, आर्ट सिल्क, राणी रंग, मोराचा पदर, ब्लाउज पीससह’. ‘सेमी पैठणी’ असं टाइप करून शोधणाऱ्या बायकाही खूप आहेत हो.

मान्य, व्ह्यूज कमी येतात. पण परत येणाऱ्या साड्याही कमी झाल्यात.

आणि पॅकिंग. साडी सहाशे ग्रॅमची, पण ३० बाय २५ बाय १० सेंटीमीटरच्या खोक्यात घातली तर बरेच कुरिअरवाले तिन्ही मापांच्या गुणाकाराला ५००० ने भागून दीड किलोचे पैसे लावतात. प्लास्टिकमध्ये गुंडाळून चपट्या कुरिअर बॅगेत घाला. बॅग बंद करेपर्यंतचा व्हिडिओ काढून ठेवा, परत भलतीच साडी आली तर तोच कामी येतो.

सकाळपासून चिडले होते, आता जरा शांत झाले. त्या बाईही माझ्यासारख्याच, घर सांभाळून चार पैसे मिळवणाऱ्या. नागपूरहून परत आलेली साडी मी विकली नाही, कपाटातच आहे. तिच्या उलट्या पदराचा फोटो काढून आत्ताच त्यांना पाठवलाय. दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर अजून नाही.