रिफॅम्पिसिन थांबले तरी त्याचा परिणाम का थांबत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: “लेखातले एक विधान खटकले. क्षयरोगावरचे रिफॅम्पिसिन बंद केल्यानंतरचे दोन-तीन आठवडे, सोबत दुसरी औषधे घेणाऱ्यांना जास्त जोखमीचे असतात, असे आपण लिहिता. या औषधाचे अर्धायुष्य जेमतेम २-३ तासांचे आहे. दुसऱ्या दिवशी ते शरीरात उरतच नाही, तर परिणाम कोण करणार? पोटातील आम्ल कमी करणारे सिमेटिडीन आणि ग्रेपफ्रूटचा रस यांनाही हाच न्याय लावा. रस सकाळी घेतला आणि गोळी रात्री घेतली, तर अडचण कुठे येते? अशा लिखाणाने क्षयरोगाच्या रुग्णांच्या मनात उगाच धास्ती बसते.”

सप्रेम नमस्कार.

अर्धायुष्याचा आपला आकडा बरोबर आहे, पण औषधाचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायला किती वेळ लागतो, एवढेच तो आकडा सांगतो. त्या औषधाने ज्या एन्झाइमवर काम केले, त्याचे पुढे काय झाले हे तो सांगत नाही. यकृतातील आणि आतड्याच्या अस्तरातील सायटोक्रोम पी-४५० कुळातली एन्झाइमे आपण घेतलेल्या बहुतेक गोळ्यांचे रूपांतर करून त्यांना शरीराबाहेर जाण्याजोगे बनवतात. दुसरे एखादे औषध या कामात तीन वेगवेगळ्या प्रकारांनी ढवळाढवळ करू शकते: एन्झाइमचा साठाच वाढवून, आहे ते एन्झाइम काही काळ अडवून, किंवा ते कायमचे निकामी करून. रिफॅम्पिसिन, सिमेटिडीन आणि ग्रेपफ्रूट ही याच क्रमाने त्या तीन प्रकारांची उदाहरणे आहेत, आणि प्रत्येकाचा परिणाम ओसरण्याचा वेग निराळा असल्यामुळे तिघांना एकच न्याय लावता येत नाही.

रिफॅम्पिसिन यकृताच्या पेशीत शिरून पीएक्सआर या प्रथिनाला चिकटते. हे प्रथिन मग पेशीच्या केंद्रकात विशिष्ट जनुकांच्या शेजारी जाऊन बसते आणि त्या जनुकांवरून सीवायपी ३ए४, सीवायपी २सी९ यांसारखी एन्झाइमे नेहमीपेक्षा कितीतरी अधिक बनू लागतात. एन्झाइम हे प्रथिन आहे. ते घडायला आणि साठायला वेळ लागतो, म्हणून परिणाम पहिल्या गोळीला दिसत नाही, तर काही दिवसांत दिसू लागून आठवड्या-दोन आठवड्यांत पूर्ण भरात येतो. उतरणही तशीच संथ असते. रिफॅम्पिसिन रक्तातून गेले की नवे जादा एन्झाइम बनणे थांबते, परंतु आधी बनून राहिलेले एन्झाइम यकृतात कामावर हजरच असते आणि पेशी ते आपल्या नेहमीच्या गतीने मोडीत काढीपर्यंत इतर औषधे झपाट्याने संपवत राहते. आपण विचारता की परिणाम कोण करणार. तो हे मागे उरलेले एन्झाइम करते.

हे आकड्यांत पाहिले की जोखीम नेमकी कुठे आहे ते कळेल. समजा, हडपसरच्या एका ५५ वर्षांच्या बाईंना लहानपणीच्या संधिज्वरामुळे हृदयाची झडप अरुंद झाली आहे, ठोके अनियमित आहेत, आणि गुठळी होऊ नये म्हणून त्या रोज ५ मिलिग्रॅम वॉरफरिन घेतात. रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा त्यांचा आयएनआर २ ते ३ च्या दरम्यान ठेवायचा आहे आणि तो २.५ वर स्थिर आहे. त्यांना फुप्फुसाचा क्षयरोग झाला, आणि महापालिकेच्या दवाखान्यातून सहा महिन्यांचे औषध सुरू झाले, ज्यात शेवटपर्यंत रिफॅम्पिसिन असते. वॉरफरिनच्या दोन रूपांपैकी जे अधिक प्रभावी आहे ते मुख्यतः सीवायपी २सी९ मुळे संपते, त्यामुळे दोन आठवड्यांत आयएनआर १.२ पर्यंत घसरतो. हृदयरोगतज्ज्ञ तपासण्या करत करत मात्रा वाढवत नेतात आणि अखेर १५ मिलिग्रॅमवर आयएनआर पुन्हा २.५ ला येतो. मात्रा तिप्पट करावी लागणे हे या जोडीच्या बाबतीत मुळीच नवल नाही. काही रुग्णांना त्याहूनही जास्त लागते.

याचा अर्थ त्यांच्या शरीराची वॉरफरिन संपवण्याची क्षमता तिप्पट झाली आहे. मूळची क्षमता १ धरली, तर आता ती ३ आहे, म्हणजे २ जादा. जादा एन्झाइमपैकी निम्मे मोडायला तीन दिवस लागतात असे केवळ हिशेबासाठी धरू. प्रत्यक्षात हा काळ व्यक्तीगणिक बदलतो. रिफॅम्पिसिन बंद झाल्यावर तिसऱ्या दिवशी जादा क्षमता १ उरेल आणि एकूण क्षमता २ होईल. सहाव्या दिवशी ती १.५, नवव्या दिवशी १.२५ आणि बाराव्या दिवशी सुमारे १.१ असेल. बाई मात्र रोज १५ मिलिग्रॅमच घेत आहेत. त्यांच्या जुन्या शरीराच्या हिशेबात ही मात्रा बंद करण्याच्या दिवशी ५ मिलिग्रॅमइतकी होती. ती तिसऱ्या दिवशी साडेसात, सहाव्या दिवशी १०, नवव्या दिवशी १२ आणि बाराव्या दिवशी १३ च्या पुढे जाते. त्यात वॉरफरिनचे स्वतःचे अर्धायुष्य दीड-दोन दिवसांचे, आणि रक्त गोठवणारे जुने घटक संपायलाही काही दिवस लागतात, म्हणून आयएनआर या आकड्यांच्या मागून चढतो. पहिल्या तीन-चार दिवसांत केलेली तपासणी समाधानकारक दिसते आणि नेमकी तीच फसवते. खरी चढण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात असते, जेव्हा क्षयरोगाचा उपचार पूर्ण झाल्याच्या आनंदात दवाखान्यात जाणे थांबलेले असते. हिरड्यांतून रक्त, लालसर लघवी, डांबरासारखे काळे शौच किंवा अचानक उठलेली तीव्र डोकेदुखी यांतले काही दिसेपर्यंत आयएनआर बराच वर गेलेला असू शकतो.

आपले म्हणणे मान्य करून पहिल्याच दिवशी मात्रा १५ वरून ५ वर आणली असती तर काय झाले असते, हेही पाहण्यासारखे आहे. तेव्हा एन्झाइम अजून तिपटीच्या आसपास आहे. त्यामुळे आयएनआर काही दिवस खाली जाऊन गुठळीचा धोका निर्माण झाला असता. म्हणूनच मात्रा एन्झाइमच्या उतरणीबरोबर टप्प्याटप्प्याने कमी करायची असते, आणि त्यासाठी रिफॅम्पिसिन बंद झाल्यापासून निदान तीन-चार आठवडे आयएनआर वारंवार, सुरुवातीला आठवड्यातून एकदा-दोनदा तरी, पाहावा लागतो. आपल्याकडे वॉरफरिनऐवजी ॲसेनोकुमरॉलही पुष्कळांना दिले जाते. तेही याच एन्झाइमवर अवलंबून असल्याने त्याला ही खबरदारी तशीच लागू आहे.

धास्तीचा आपला मुद्दा मी गांभीर्याने घेतो. क्षयरोगाच्या उपचाराचा कणा रिफॅम्पिसिन आहे, आणि या लेखामुळे एकाही रुग्णाने त्याची एकही गोळी चुकवू नये. बदल करायचा तो दुसऱ्या औषधात. पुण्यात मला जे वारंवार दिसते ते असे, की क्षयरोगाची फाइल एका दवाखान्यात असते, हृदयाची फाइल दुसऱ्या डॉक्टरांकडे असते, आणि रिफॅम्पिसिन सुरू किंवा बंद झाल्याची तारीख एका फाइलीतून दुसरीत पोहोचत नाही. रुग्णाला काही सांगायचे असेल तर घाबरण्याचे नव्हे, तर या दोन तारखा दोन्हीकडे कळवण्याचे सांगायचे.

सिमेटिडीनच्या बाबतीत मात्र आपला न्याय जवळजवळ बरोबर लागू पडतो. त्याच्या रेणूत इमिडॅझोल नावाचे एक वलय असते, त्या वलयातील नायट्रोजन एन्झाइमच्या मध्यभागी असलेल्या लोहाच्या अणूला जाऊन धरतो, आणि एन्झाइमची जागा अडते. हा बंध सुटणारा असतो. सिमेटिडीनचे रक्तातील प्रमाण कमी झाले की एन्झाइम पूर्ववत कामाला लागते आणि एक-दोन दिवसांत परिणाम ओसरतो. सुरुवातही तितकीच तातडीची असते. दम्यासाठी थिओफिलीन घेणाऱ्या एखाद्या रुग्णाची रक्तपातळी दर मिलिलिटरला १४ मायक्रोग्रॅम आहे असे समजा; सिमेटिडीनने थिओफिलीन संपण्याचा वेग एक तृतीयांशाने घटला, तर तीच मात्रा घेत राहून पातळी दोन-तीन दिवसांत २१ होईल. नेहमीची वरची मर्यादा २० ची आहे, आणि तिच्यापुढे मळमळ, उलटी, धडधड आणि पुढे झटकेसुद्धा येऊ शकतात. सिमेटिडीन आता क्वचितच लिहून दिले जाते. फॅमोटिडीनमध्ये ते वलय नाही. पोटातील आम्ल तेही कमी करते, पण या एन्झाइमांना त्याचा व्यवहारात उपद्रव होत नाही.

ग्रेपफ्रूटच्या रसातील फ्युरॅनोकुमरिन वर्गातली बर्गमॉटिन आदी द्रव्ये आतड्याच्या अस्तरातील सीवायपी ३ए४ कडे नेहमीच्या कामासाठी येतात, परंतु त्या कामादरम्यानच त्यांचे असे क्रियाशील रूप तयार होते की ते एन्झाइमलाच निकामी करून टाकते. निकामी झालेले एन्झाइम सुटत नाही. पेशींना नवे बनवावे लागते. रस पोटातून काही तासांत पुढे गेला तरी एन्झाइमची तूट भरायला वेळ लागतो: एका दिवसानंतर जेमतेम निम्मी भरपाई झालेली असते आणि पूर्ववत व्हायला सुमारे तीन दिवस लागतात. रस सकाळी आणि गोळी रात्री, या अंतराने म्हणूनच फारसे काही साधत नाही, आणि रोज एक पेला घेणाऱ्याचे एन्झाइम तर सतत खालच्याच पातळीवर राहते.

नेहमीच्या प्रमाणात घेतलेला रस यकृतातील एन्झाइमला फारसा धक्का लावत नाही, आणि त्यामुळे धोका कोणत्या गोळ्यांना आहे हे ओळखता येते. शिरेतून दिलेल्या औषधावर रसाचा परिणाम दिसत नाही. ज्या गोळीचा मोठा भाग एरवी आतड्याच्या भिंतीतच संपतो, तिची पातळी मात्र चढते. फेलोडिपीन या रक्तदाबाच्या गोळीपैकी एरवी सुमारे १५ टक्केच रक्तात पोहोचते. कॅनडातल्या एका प्रयोगात मद्याची चव झाकण्यासाठी ग्रेपफ्रूटचा रस वापरला गेला, तेव्हा तिची पातळी अनपेक्षितपणे कितीतरी वाढलेली दिसली, आणि १९८९ मध्ये ही बाब प्रथम प्रसिद्ध झाली. अम्लोडिपीन, जे आपल्याकडे घरोघरी घेतले जाते, त्याचा ६० टक्क्यांहून अधिक भाग मुळातच रक्तात पोहोचत असल्याने रसामुळे त्यात फारसा फरक पडत नाही. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या सिमव्हास्टॅटिनची गोष्ट फेलोडिपीनसारखी आहे, आणि तिथे चढलेल्या पातळीचे लक्षण म्हणजे स्नायूंचे दुखणे व अशक्तपणा. लघवी चहासारखी गडद झाली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

पुण्यात ग्रेपफ्रूट सहसा कोणी रोज पीत नाही, हे खरे आहे. परंतु गणपतीच्या सुमारास मंडईत येणारे पपनस त्याच कुळातले असून त्यातही फ्युरॅनोकुमरिने असतात, म्हणून सिमव्हास्टॅटिन किंवा मूत्रपिंड प्रत्यारोपणानंतर सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस घेणाऱ्यांनी पपनसही टाळावे, आणि ते खाण्यात आलेच असेल तर पुढच्या रक्ततपासणीच्या वेळी तसे डॉक्टरांना सांगावे.