खुलासा: हॅमर, शूटिंग स्टार आणि एन्गल्फिंग कॅन्डल यांचे स्थान

“हॅमर किंवा बुलिश एन्गल्फिंग दिसली की खरेदी करा, शूटिंग स्टार दिसला की विका.”

शेअरच्या भावाच्या आलेखातील कॅन्डलबद्दलचा हा सल्ला अपुरा आहे आणि त्यामुळे नवख्यांचे नुकसान होते, म्हणून हा खुलासा. मुळात हॅमर आणि शूटिंग स्टार ही नावे स्थानावरूनही ठरतात: हॅमरचाच, म्हणजे लहान धड आणि खाली लांब वात असलेला, आकार तेजीच्या शेवटी आला तर त्याला हँगिंग मॅन म्हणतात, आणि शूटिंग स्टारचा, म्हणजे वर लांब वात असलेला, आकार घसरणीच्या तळाशी आला तर तो इन्व्हर्टेड हॅमर ठरतो.

समजा, एखादा शेअर १३० वरून घसरत १०० जवळ आला आहे आणि याच पातळीवरून तो पूर्वी दोनदा उसळला होता. आज तो १०२ वर उघडला, ९७ पर्यंत खाली गेला आणि १०३ वर बंद झाला. १०० तुटताच ज्यांनी हातात शेअर नसताना विक्री केली ते अडकले असून, त्यांना सौदे कापण्यासाठी आता खरेदीच करावी लागेल. खालच्या लांब वातीला अर्थ येतो तो यामुळे. हीच कॅन्डल १०५ ते १२५ या पट्ट्याच्या मधोमध, ११५ ला उघडून ११० पर्यंत जाऊन ११६ ला बंद झाली, तर तिथे कोणतीही महत्त्वाची पातळी तुटलेली नसते आणि फारसे कोणी अडकलेले नसते. आदल्या दिवसाच्या कॅन्डलला पूर्ण गिळणाऱ्या एन्गल्फिंगचेही तसेच, कारण अशा पट्ट्यात आदल्या दिवसाची कॅन्डल बहुधा इतकी लहान असते की तिला गिळणे सहज घडते.

योग्य जागीही हॅमर फसतो. वरील उदाहरणात ९७ च्या खाली बंद भाव आला, तर आपले वाचन चुकले असे मानून बाहेर पडावे.