ऐंशी रुग्ण आणि तीन प्रायर

“बेझियन पद्धतीत आधी आपलं मत प्रायर म्हणून घालायचं आणि हवं ते उत्तर काढायचं. पी-व्हॅल्यूच नाही, मग तपासणार कसं? आणि ९५ टक्के इंटरव्हल तर दोन्हीकडे सारखंच.” (एमडीच्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फिरणारा मेसेज)

मी ठाण्यात प्रबंधांची आकडेमोड तपासते, म्हणून आकड्यांनीच उत्तर देते. समजा, नेरूळच्या एका दवाखान्यात मधुमेहाच्या ८० रुग्णांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट केले आणि ४० जणांना तपासणीच्या आदल्या दिवशी फोन केला. त्यातले ३० आले. फोन न केलेल्या ४० पैकी २२ आले. ऑड्स रेशो २.४५, पी-व्हॅल्यू ०.०६. एरवी इथे ‘फरक सिग्निफिकंट नाही’ लिहून पान उलटतात.

आता प्रायर. ‘नॉन-इन्फॉर्मेटिव्ह प्रायर वापरला’ एवढंच लिहिलं तर मेसेजमधली तक्रार खरी ठरते. लिहायचं असं: लॉग ऑड्स रेशोसाठी नॉर्मल प्रायर, सरासरी ०, प्रमाण विचलन १, म्हणजे ऑड्स रेशो ०.१४ ते ७.१ मध्ये असेल याची शक्यता आकडे पाहण्याआधी ९५ टक्के धरली होती. हे डॉक्टरलाही वाचता येतं आणि त्यावर भांडताही येतं. प्रायर प्रोटोकॉलमध्येच लिहून ठेवावा. आकडे पाहून निवडलेला प्रायर म्हणजे फसवणूकच.

या प्रायरने ऑड्स रेशो २.०७ येतो, प्रायर आणि आकडे एकत्र करून मिळणारं ९५ टक्के पोस्टेरिअर इंटरव्हल ०.८८ ते ४.९, आणि फोनचा उपयोग होतो याची शक्यता ९५ टक्के. मग तेच गणित आणखी दोनदा करायचं. प्रायर अगदी सैल ठेवला, विचलन १०, तर २.४५ (०.९५ ते ६.३), शक्यता ९७ टक्के. साशंक प्रायर घेतला, विचलन ०.३५, म्हणजे दुपटीपेक्षा मोठा परिणाम क्वचितच मानणारा, तर १.३६ (०.७८ ते २.४), शक्यता ८६ टक्के. तिन्ही ओळी एकाच तक्त्यात छापा. ‘हवं ते उत्तर’ कुठे लपलंय ते वाचकाला तिथेच दिसतं. इथे दिशा तिन्हीकडे एकच आहे, पण परिणाम किती मोठा हे ८० रुग्ण सांगू शकत नाहीत, आणि प्रबंधात तेच वाक्य यायला हवं. याच प्रमाणात ८०० रुग्ण असते तर साशंक प्रायरनेही २.१२ (१.६ ते २.८) आलं असतं.

इंटरव्हलचे आकडे सैल प्रायरने जुळतात, हे खरं. अर्थ जुळत नाही. कॉन्फिडन्स इंटरव्हलमधले ९५ टक्के त्या पद्धतीचे असतात: अभ्यास पुन्हा पुन्हा केला तर शंभरातली सुमारे ९५ इंटरव्हल खरी किंमत पकडतील. हातातल्या इंटरव्हलबद्दल ते काही सांगत नाहीत. पोस्टेरिअर इंटरव्हल मात्र त्याबद्दलच बोलतं, पण हा प्रायर आणि हे मॉडेल मान्य असेल तरच. म्हणून ‘९५ टक्के शक्यता’ लिहिताना प्रायर त्याच वाक्यात हवा. आणि ‘९५ टक्के आली म्हणजे पी ०.०५’ असं उलटं भाषांतर कोणी केलेलं दिसलं, तर मी प्रबंध परत पाठवते.